जाड फ्लुओरेसंट नमुने, ऑप्टिकल सेक्शन आणि कन्फोकल सूक्ष्मदर्शक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कन्फोकल सूक्ष्मदर्शकाविषयीचे बरेचसे प्रश्न एकाच गैरसमजातून येतात: हे यंत्र म्हणजे साध्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाची 'जास्त शक्तिशाली' आवृत्ती आहे, असे मानले जाते. प्रत्यक्षात त्याचे वेगळेपण भिंगाच्या ताकदीत नसून, नको असलेला प्रकाश मोजला जाण्यापूर्वीच अडवण्यात आहे. चर्चा हवेत राहू नये म्हणून पुढील बहुतेक उत्तरांत एकच नमुना डोळ्यांसमोर ठेवला आहे. तो म्हणजे उंदराच्या मूत्रपिंडाचा ६० मायक्रोमीटर जाडीचा काप. त्यातील अॅक्टिन हे प्रथिन हिरवा रंजक जोडलेल्या फॅलॉयडिनने रंगवले आहे आणि काप भिंगाच्या तेलाशी जुळणाऱ्या अपवर्तनांकाच्या माध्यमात बसवला आहे. भिंग ६३ पट वर्धनाचे, १.४ न्यूमेरिकल अॅपर्चरचे, तेलातले. लेसर ४८८ नॅनोमीटरचा. आणि रंजकाचा हिरवा प्रकाश साधारण ५२० नॅनोमीटरचा.

साध्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली जाड काप धुरकट का दिसतो? फोकस तर नीट लावलेला असतो.

फोकस नीट असतो, पण तो एकाच पातळीवर असतो, आणि प्रकाश मात्र सगळ्याच पातळ्यांवरून येतो. साध्या सूक्ष्मदर्शकात उद्दीपक प्रकाश कापाच्या संपूर्ण जाडीतून जातो, त्यामुळे वरपासून खालपर्यंतचा प्रत्येक रंगलेला रेणू चमकतो. फोकसच्या पातळीवरील बिंदूची प्रतिमा कॅमेऱ्यावर लहान ठिपक्यासारखी उमटते. दहा मायक्रोमीटर खालच्या बिंदूचा प्रकाशही त्याच भिंगातून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो, फक्त तो मोठ्या वर्तुळात पसरलेला असतो.

हा पसारा किती मोठा असतो ते पाहण्यासारखे आहे. १.४ अॅपर्चरचे भिंग तेलात सुमारे ६७ अंशांच्या अर्धकोनातून प्रकाश गोळा करते, म्हणून १० मायक्रोमीटरने फोकसबाहेर असलेल्या बिंदूचे धुरकट वर्तुळ नमुन्याच्या मापात जवळजवळ ४८ मायक्रोमीटर व्यासाचे होते. बिंदूचा उजेड त्या वर्तुळात पातळ होतो हे खरे, परंतु एकूण प्रकाश तेवढाच राहतो. येथे एकटा बिंदू नसून संपूर्ण थर चमकत असल्यामुळे शेजारशेजारच्या असंख्य बिंदूंची वर्तुळे एकमेकांवर चढतात आणि पातळ झालेला उजेड पुन्हा भरून निघतो. परिणामी सारखा रंगलेला थर फोकसमध्ये असो वा वीस मायक्रोमीटर दूर, कॅमेऱ्यावर तो जवळजवळ सारखाच प्रकाश पाडतो. साध्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाला खोलीचा भेद करता येत नाही असे म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच.

आपल्या कापात याचा परिणाम स्पष्ट दिसतो. मूत्रपिंडाच्या सुरुवातीच्या नलिकांच्या आतल्या कडेला अॅक्टिनने भरलेल्या सूक्ष्मांकुरांची दाट झालर असते आणि तिच्या आत पोकळी असते. पोकळीत अॅक्टिन नसते, म्हणजे ती काळी दिसायला हवी. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती हिरवट राखाडी दिसते, कारण तिच्या वर आणि खाली असलेल्या नलिकांचा प्रकाश तीत सांडलेला असतो.

कन्फोकलमध्ये प्रकाशाचा मार्ग नेमका कसा असतो?

लेसरचा किरण एका डायक्रोइक आरशावरून परावर्तित होऊन दोन हलत्या आरशांवर येतो आणि भिंगातून नमुन्यातील एका बिंदूवर केंद्रित होतो. आरसे हलले की हा बिंदू नमुन्यावरून ओळीओळीने फिरतो. नमुन्यातून निघालेला हिरवा प्रकाश त्याच भिंगातून आणि त्याच हलत्या आरशांवरून उलट परततो. जाताना आरशाने किरण जितका वळवला, तितकाच तो परतीच्या प्रकाशाला सरळ करतो, म्हणून बिंदू नमुन्यावर कुठेही असला तरी परतलेला किरण स्थिर असतो. डायक्रोइक आरसा हिरवा प्रकाश आरपार जाऊ देतो. पुढे जेथे फोकसच्या बिंदूची प्रतिमा तयार होते, नेमक्या त्याच जागी पिनहोल, म्हणजे बारीक छिद्र असलेला अडसर, ठेवलेला असतो, आणि त्याच्या मागे प्रकाश मोजणारी फोटोमल्टिप्लायर नळी.

फोकसच्या बिंदूचा प्रकाश छिद्रावर एकवटतो आणि पार जातो. फोकसच्या वरच्या किंवा खालच्या बिंदूचा प्रकाश छिद्राच्या पुढे अथवा मागे एकवटतो, त्यामुळे छिद्राच्या जागी तो पसरलेला असतो आणि त्याचा बहुतेक भाग अडसराच्या धातूवर आपटून संपतो. लेसरचा बिंदू आणि पिनहोल यांचे फोकस नमुन्यातील एकाच जागी जुळवलेले असतात. येथे कॅमेरा नसतो आणि प्रतिमा अशी कुठे पडतही नाही. एकेका जागेची मोजणी करून संगणक ती रचतो.

पिनहोल बाहेरचा प्रकाश कितपत अडवतो?

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. १० मायक्रोमीटर दूरच्या बिंदूचा प्रकाश पिनहोलच्या जागी, नमुन्याच्या मापात सांगायचे तर, ४८ मायक्रोमीटरच्या वर्तुळात पसरतो. पिनहोल नेहमीच्या मापाला ठेवले असेल, तर तेच माप लावून त्याचा व्यास सुमारे ०.४५ मायक्रोमीटर भरतो. दोन्ही क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढले तर साधारण अकरा हजारांतला एक भाग छिद्रातून जातो.

शिवाय लेसरचा प्रकाशही त्या पातळीवर तितकाच पसरलेला असतो, त्यामुळे तो बिंदू मुळात फार मंद चमकतो. एकट्या बिंदूच्या बाबतीत या दोन घटांचा गुणाकार होतो आणि त्याचा वाटा दहा कोटींतला एखादा भाग इतका नगण्य उरतो. संपूर्ण थराचा विचार केला तर लेसरच्या पसरट वर्तुळात अनेक बिंदू येतात, त्यामुळे दुसऱ्या घटाचा फायदा निघून जातो, पण पिनहोलचा पहिला घट तसाच राहतो. म्हणजे १० मायक्रोमीटर दूरचा संपूर्ण थर फोकसच्या थराच्या तुलनेत दहा हजारांतला एखादा भागच प्रकाश देतो. साध्या सूक्ष्मदर्शकात हाच थर बरोबरीचा वाटा देत होता. जवळच्या थरांचा वाटा मात्र शून्य नसतो. एखाद-दुसऱ्या मायक्रोमीटरवरचा प्रकाश थोडाफार आत शिरतोच.

धुरकटपणा म्हणजे पार्श्वभूमीच असेल, तर साध्या प्रतिमेतून ती संगणकावर वजा का करू नये?

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

पार्श्वभूमीची सरासरी वजा करता येते. तिचा नॉइज वजा करता येत नाही. प्रकाश फोटॉनांच्या रूपाने येतो आणि फोटॉन ठराविक तालात येत नाहीत. सरासरी शंभर फोटॉन अपेक्षित असतील तर कधी ९२ येतील, कधी १०९. हा चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो, म्हणजे शंभराला दहा.

आपला काप ६० मायक्रोमीटरचा आहे आणि ज्या थराची प्रतिमा हवी आहे तो सुमारे ०.८५ मायक्रोमीटरचा. रंग सगळीकडे सारखा आहे असे धरले तर कापात असे साधारण ७० थर बसतात. समजा, फोकसच्या थराकडून एका पिक्सेलला १०० फोटॉन मिळाले. साध्या सूक्ष्मदर्शकात उरलेल्या थरांकडून जवळपास ७,००० मिळतील. एकूण ७,१०० फोटॉनांचा चढउतार सुमारे ८४ आहे. पार्श्वभूमीचे ७,००० अगदी अचूक वजा केले, तरी उरलेल्या १०० च्या संकेतावर ८४ चा चढउतार तसाच बसलेला राहतो. संकेत आणि नॉइज यांचे गुणोत्तर १.२ च्या आसपास येते, आणि तेवढ्यात झालर कोणती आणि डाग कोणता हे सांगता येत नाही.

कन्फोकलमध्ये पिनहोल फोकसच्या प्रकाशाचाही थोडा भाग गिळते. समजा १०० पैकी ८५ आले आणि जवळच्या थरांतून आणखी २० शिरले. एकूण १०५ चा चढउतार दहाच्या थोडा वर आहे, त्यामुळे गुणोत्तर ८ च्या पुढे जाते. कमी फोटॉन मोजूनही प्रतिमा चांगली येते, कारण नको असलेले फोटॉन मोजलेच गेले नाहीत.

साध्या सूक्ष्मदर्शकाने ही कसर जास्त प्रकाश घेऊन भरून काढायची म्हटले, तर जवळजवळ पन्नासपट फोटॉन लागतील. एवढ्याने पिक्सेल तुडुंब भरतात, अनेक प्रतिमा घेऊन त्यांची बेरीज करावी लागते, आणि तोवर रंजक टिकायला हवा. अर्थात वरील हिशेब सगळीकडे सारख्या रंगलेल्या कापाचा आहे. कापात दहा-बाराच पेशी रंगल्या असतील तर पार्श्वभूमी मुळातच कमी असते आणि दोन्ही यंत्रांतील फरक घटतो.

मग डीकॉन्व्होल्यूशनचे, म्हणजे गणिताने धुरकटपणा काढण्याचे, काय? त्यानेही धुरकट प्रतिमा सुधारतात.

सुधारतात, आणि पातळ नमुन्यांत फार छान सुधारतात. एका थरात वाढवलेल्या पेशी, काही मायक्रोमीटर जाडीचा नमुना, विरळ रंग अशा ठिकाणी साध्या सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांवर डीकॉन्व्होल्यूशन करणे हे कन्फोकलपेक्षा सरसही ठरू शकते, कारण तेथे एकही फोटॉन फेकला जात नाही. दाट रंगलेल्या जाड कापात मात्र त्याला वर सांगितलेला नॉइजचा अडथळा येतो. शिवाय सपाट, सारख्या रंगाच्या थरांची खोली साध्या प्रतिमांत नोंदलीच जात नाही, आणि जे नोंदले गेलेले नाही ते गणिताने अंदाजाने भरावे लागते.

कन्फोकलची विभेदनक्षमता जास्त असते, हे खरे आहे का?

आडव्या दिशेत थोडीच. आपल्या भिंगाला साध्या सूक्ष्मदर्शकात बिंदूची रुंदी, अर्ध्या तीव्रतेवर मोजलेली, सुमारे ०.१९ मायक्रोमीटर असते. नेहमीच्या पिनहोलसह कन्फोकलमध्ये ती ०.१८ च्या आसपास येते. हा फरक प्रतिमेत डोळ्यांना दिसणारा नाही. पिनहोल अगदी बारीक केले तर तत्त्वतः १.४ पटीपर्यंत सुधारणा होते, पण तोवर प्रकाश इतका कमी होतो की जाड नमुन्यात तिचा उपयोग क्वचितच करता येतो.

डोळ्यांना जी 'तीक्ष्णता' जाणवते ती मुख्यतः काळ्याच्या काळेपणामुळे असते. नलिकेची पोकळी काळी झाली की झालरीची कड उठून दिसते. झालरीतील एकेक सूक्ष्मांकुर सुमारे ०.१ मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि तो कन्फोकललाही वेगळा दाखवता येत नाही. त्यांचा एकसंध चमकता पट्टाच दिसतो. कन्फोकल प्रतिमेत या पट्ट्यात उभ्या रेघा दिसल्या म्हणून प्रत्येक रेघ म्हणजे एक सूक्ष्मांकुर असे मोजू नये.

ऑप्टिकल सेक्शन किती जाडीचा असतो?

ऑप्टिकल सेक्शन म्हणजे एका वेळी प्रतिमेत येणारा पातळ थर. त्याची जाडी किती ते भिंगाचे न्यूमेरिकल अॅपर्चर, तरंगलांबी आणि पिनहोल यांवर ठरते, आणि त्यातही भिंगाचा वाटा सर्वांत मोठा. पिनहोल एक एअरी एककावर, म्हणजे वर सांगितलेल्या नेहमीच्या मापाला, ठेवले आणि ५२० नॅनोमीटरचा प्रकाश धरला, तर ६३ पटीचे १.४ अॅपर्चरचे तेलातले भिंग सुमारे ०.८५ मायक्रोमीटरचा सेक्शन देते. २० पटीचे ०.८ अॅपर्चरचे कोरडे भिंग साधारण १.८ मायक्रोमीटरचा देते. १० पटीच्या ०.३ अॅपर्चरच्या भिंगाने तो सुमारे १४ मायक्रोमीटरवर जातो.

शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. कमी अॅपर्चरच्या भिंगाने घेतलेली प्रतिमा कन्फोकलवर घेतली म्हणून आपोआप पातळ सेक्शनची होत नाही. १४ मायक्रोमीटरच्या सेक्शनमध्ये एकावर एक असलेल्या दोन पेशी सहज मावतात, आणि मग लाल व हिरवा रंग 'एकाच जागी' दिसला तरी ते दोन वेगळ्या पेशींत असू शकतात.

एअरी एकक म्हणजे काय, आणि पिनहोल किती उघडे ठेवावे?

अगदी परिपूर्ण भिंगही बिंदूची प्रतिमा बिंदूसारखी देत नाही. मध्ये उजळ ठिपका आणि भोवती मंद कडी येतात. पहिल्या काळ्या कड्यापर्यंतचा व्यास म्हणजे एक एअरी एकक. आपल्या भिंगाला तो नमुन्याच्या मापात ०.४५ मायक्रोमीटर येतो. ६३ पट वर्धनानंतर तो सुमारे २८ मायक्रोमीटर होतो, आणि यंत्रात पुढे आणखी वर्धन असेल तर छिद्राचे खरे माप त्याप्रमाणे वाढते. या ठिपक्यात बिंदूच्या प्रकाशाचा साधारण ८४ टक्के भाग असतो.

म्हणून एक एअरी एकक ही चांगली सुरुवात आहे. त्याहून लहान करत गेल्यास सेक्शन थोडा पातळ होतो, पण प्रकाश झपाट्याने घटतो. दोन एककांवर नेल्यास आपल्या भिंगाचा सेक्शन ०.८५ वरून सुमारे १.५ मायक्रोमीटर होतो. मंद नमुन्यात ही तडजोड पुष्कळदा योग्य असते, आणि लेसर वाढवून नमुना जाळण्यापेक्षा ती नक्कीच बरी. पूर्ण उघडे पिनहोल म्हणजे पुन्हा जवळजवळ साधा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक. यंत्र समजून घ्यायचे असेल तर एकदा मुद्दाम हे करून पाहावे: तीच जागा, तोच लेसर, आणि पिनहोल हळूहळू उघडत न्यावे. प्रतिमा उजळत जाते आणि पोकळ्या राखाडी होत जातात.

दोन रंजक एकत्र पाहताना एक बारकावा आहे. एअरी एकक तरंगलांबीप्रमाणे बदलते, त्यामुळे दोन्ही वाहिन्यांना 'एक एकक' दिले तर लाल वाहिनीचा सेक्शन हिरवीपेक्षा जाड होतो. दोन रंगांची तुलना करायची असेल तर एकक सारखे ठेवण्याऐवजी सेक्शनची जाडी सारखी ठेवावी.

संपूर्ण कापाचा झेड-स्टॅक, म्हणजे खोलीच्या दिशेने एकापाठोपाठ एक सेक्शनची मालिका, घ्यायचा आहे. आकडे कसे ठरवावेत?

सेक्शनच्या साधारण निम्म्या जाडीची पायरी घेतली तर मधली माहिती निसटत नाही. ०.८५ मायक्रोमीटरसाठी ०.४ ची पायरी ठीक आहे. म्हणजे ६० मायक्रोमीटरला १५० सेक्शन. पिक्सेल ०.०८ मायक्रोमीटरचा ठेवला तर १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलच्या चौकटीत ८२ मायक्रोमीटरचे क्षेत्र येते. प्रत्येक पिक्सेलवर २ मायक्रोसेकंद थांबल्यास एका सेक्शनला दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. आरसे परत फिरण्याचा वेळ धरून तीन सेकंद समजा. १५० सेक्शनना साडेसात मिनिटे, आणि प्रत्येक ओळ दोनदा घेऊन सरासरी काढली तर पंधरा.

सुरू करण्यापूर्वी सर्वांत उजळ सेक्शनवर जाऊन डिटेक्टरची पातळी ठरवावी. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये भरून गेलेले पिक्सेल वेगळ्या रंगात दाखवण्याची सोय असते. ती चालू करून एखाद-दुसरा पिक्सेलच भरेल इतपत पातळी खाली आणावी. भरलेल्या पिक्सेलमधील माहिती नंतर परत मिळत नाही. दुसऱ्या टोकाला, पोकळ्या शून्यावर दाबून काळ्या करण्याचा मोह टाळावा. तो काळेपणा ऑप्टिकल सेक्शनचा नसतो, कापून टाकलेल्या आकड्यांचा असतो.

खोल जाऊ तसतशी प्रतिमा अंधूक होत जाते. दोष यंत्राचा, रंगाचा की नमुन्याचा?

हे ओळखायला उभा छेद, म्हणजे एक्स-झेड प्रतिमा, फार उपयोगी पडते. १५० सेक्शनचा स्टॅक कडेवरून पाहावा आणि उजेड वरून खाली कसा बदलतो ते तपासावे.

उजेड भिंगाकडच्या पृष्ठभागापासून दूरच्या पृष्ठभागापर्यंत सतत उतरत गेला असेल, तर कारण बहुधा प्रकाशीय आहे: ऊतीतील विकिरण किंवा अपवर्तनांकातील तफावत. उजेड मध्यभागी बुडून दूरच्या पृष्ठभागाजवळ पुन्हा वाढत असेल, तर रंगच आत पोहोचलेला नाही. प्रतिपिंडांनी रंगवलेल्या जाड कापांत हे वारंवार घडते, कारण प्रतिपिंड मोठे रेणू आहेत आणि दोन्ही पृष्ठभागांवरून आत झिरपताना मध्यापर्यंत पोहोचत नाहीत. अशा वेळी लेसर वाढवून काही साधत नाही. रंगवण्याचा वेळ वाढवावा लागतो. फॅलॉयडिन लहान असल्यामुळे आपल्या कापात ही अडचण कमी येते.

अपवर्तनांकातील तफावतीने नेमके काय बिघडते?

तेलाचे भिंग १.५१८ अपवर्तनांक गृहीत धरून बनवलेले असते. काप पाण्यासारख्या, म्हणजे १.३३ च्या, माध्यमात बसवला असेल तर काचेच्या सीमेवर किरण वाकतात, आणि कडेचे किरण व मधले किरण वेगवेगळ्या खोलीवर जमतात. खोलीबरोबर हा दोष वाढत जातो. फोकस लांबट होतो, प्रकाश पिनहोलवर एकवटत नाही आणि फोकसचा चांगला प्रकाशही अडसरावर वाया जातो. म्हणजे या दोषाची किंमत साध्या सूक्ष्मदर्शकापेक्षा कन्फोकलला जास्त मोजावी लागते.

दुसरा परिणाम मोजमापावर होतो. मंच १० मायक्रोमीटर सरकला तरी पाण्यातील फोकस त्याहून कमी सरकतो. साध्या गुणोत्तराने तो ८.८ येतो आणि जास्त अॅपर्चरच्या भिंगांना त्याहूनही कमी. त्यामुळे झेड-स्टॅकमध्ये गोल केंद्रके खोलीच्या दिशेने ताणलेली दिसतात. खात्री करून घ्यायची असेल तर ०.१ मायक्रोमीटरचे फ्लुओरेसंट मणी त्याच माध्यमात मिसळून त्यांचा उभा छेद पाहावा. मण्याची प्रतिमा वर आणि खाली सारखी असेल तर ठीक. एका बाजूलाच शेपूट निघाले असेल तर तफावत आहे. उपाय दोनच आहेत: माध्यम भिंगाशी जुळवावे किंवा भिंग माध्यमाशी. जिवंत, पाण्यातल्या नमुन्यांसाठी पाण्याचे भिंग त्याकरताच असते. आवरणकाचही ०.१७ मिलिमीटर जाडीचीच असावी.

स्टॅक घेतल्यावर तेवढाच चौकोन काळवंडलेला दिसतो. असे का?

कारण पिनहोल फक्त परतीचा प्रकाश गाळते. लेसर मात्र कापाच्या पूर्ण जाडीतून जातो. एका सेक्शनची प्रतिमा घेताना बाकी सगळ्या थरांवरही तितकाच एकूण प्रकाश पडतो, फक्त त्यांचा उजेड फेकून दिला जातो. आपल्या १५० सेक्शनच्या स्टॅकमध्ये प्रत्येक थराला १५० वेळा प्रकाश बसतो, तर त्याची नोंद एकदाच होते. ब्लीचिंगने, म्हणजे प्रकाशामुळे रंजक निकामी होण्याने, झालेला चौकोन उभ्या छेदात पाहिला तर तो कापाच्या पूर्ण जाडीतून उतरलेल्या काळ्या खांबासारखा दिसतो.

त्यामुळे पातळीचा शोध कमी लेसरवर आणि झटपट स्कॅनवर घ्यावा, झूम गरजेपुरताच ठेवावा आणि महत्त्वाची जागा शेवटपर्यंत राखून ठेवावी. स्टॅक खालून वर घेतला की वरून खाली, याने उजेडाचा उतार बदलत असेल तर ब्लीचिंग चालू आहे असे समजावे.

ही कल्पना जुनी आहे का?

बरीच. मार्विन मिन्स्की यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात असे यंत्र बांधले, कारण त्यांना मेंदूतील दाट गुंतलेल्या चेतापेशी पाहायच्या होत्या. १९५७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६१ मध्ये ते मिळाले. त्यांच्या यंत्रात प्रकाशाऐवजी नमुनाच हलवला जाई. लेसर तेव्हा नव्हता, प्रतिमा साठवायला सोयीचा संगणकही नव्हता, आणि कल्पना तशीच पडून राहिली. केंब्रिजमधील व्हाइट, एमॉस आणि फोर्डहॅम यांनी १९८७ मध्ये लेसर फिरवणाऱ्या यंत्राने घेतलेल्या आणि साध्या फ्लुओरेसन्स प्रतिमा शेजारी-शेजारी ठेवून दाखवल्या, तेव्हा जीवशास्त्रज्ञांना फरक पटला.

कन्फोकल कधी वापरू नये?

नमुना सेक्शनच्या जाडीहून फारसा जाड नसेल तेव्हा. काचेला चिकटलेल्या पसरट पेशीची कड एक-दोन मायक्रोमीटरची असते. तेथे अडवण्याजोगा प्रकाशच नसतो, त्यामुळे पिनहोल फक्त चांगले फोटॉन खाते, स्कॅनला वेळ लागतो आणि रंजक विनाकारण झिजतो. चांगला कॅमेरा लावलेला साधा सूक्ष्मदर्शक अशा कामाला जास्त योग्य आहे, भले प्रतिमेखाली 'कन्फोकल' लिहिता आले नाही तरी.

फिरत्या चकतीचे कन्फोकल वेगवान असते. जाड कापासाठी तेच का घेऊ नये?

त्यात एका पिनहोलऐवजी चकतीवरील असंख्य छिद्रांतून एकाच वेळी अनेक बिंदू पाहिले जातात, त्यामुळे जिवंत पेशींच्या जलद हालचालींसाठी ते उत्तम आहे. दाट रंगलेल्या जाड कापात मात्र फोकसबाहेरचा पसरलेला प्रकाश आपल्या छिद्रावर अडला, तरी शेजारच्या छिद्रांतून आत शिरतो. नमुना जितका जाड, तितकी छिद्रे त्या पसरलेल्या वर्तुळात येतात, आणि पार्श्वभूमी परत येऊ लागते. आपल्या ६० मायक्रोमीटरच्या कापात पोकळ्या पुन्हा राखाडी झालेल्या दिसतील.

आणि २०० मायक्रोमीटर खोल पाहायचे असेल तर?

अपारदर्शक ऊतीत कन्फोकल साधारण ५० ते १०० मायक्रोमीटरनंतर थकते. तेथून निघालेला प्रकाश वाटेत इतका विखुरतो की फोकसमधून आलेले फोटॉनही पिनहोल चुकवतात, आणि पिनहोलला त्यांच्यात व बाहेरच्या फोटॉनांत फरक करता येत नाही. १९९० मध्ये डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी मांडलेल्या दोन-फोटॉन पद्धतीत रंजक फक्त फोकसवरच उद्दीपित होतो. म्हणून तेथे पिनहोलची गरज राहत नाही, विखुरलेला प्रकाशही उपयोगी ठरतो, आणि वरच्या-खालच्या थरांचे ब्लीचिंग टळते. तिची तरंगलांबी जवळपास दुप्पट असल्याने विभेदनक्षमता मात्र थोडी घटते, म्हणून पहिल्या ५० मायक्रोमीटरसाठी कन्फोकलच वापरावे. नमुना जिवंत ठेवायचा नसेल तर तिसरा मार्गही आहे: ऊती पारदर्शक करून तिचा अपवर्तनांक माध्यमाशी जुळवणे. मग कन्फोकलही बरेच खोल जाते, आणि मर्यादा ऊतीची न राहता भिंगाच्या पुढच्या टोकापासून फोकसपर्यंतच्या अंतराची होते.